मान टाकली म्हणजे तहान लागली, असं नाही

‘पीस लिलीने मान टाकलीय. रोज पाणी घालतेय, तरी उठत नाही.’ नर्सरीत, सोसायटीच्या जिन्यात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हे गाऱ्हाणं कानावर येतं. पुढचा प्रश्नही ठरलेला: ‘अजून थोडं वाढवू का पाणी?’ नका हो वाढवू! बहुतेक वेळा ती रोजच्या पाण्यामुळेच आडवी झालेली असते.

मलूल पान म्हणजे कोरडी माती, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. त्याला पीस लिलीच काही अंशी जबाबदार आहे. हे झाड तहानलं की सगळी पानं एकदम कुंडीच्या काठावर लोळवतं आणि पाणी मिळालं की काही तासांत ताठ उभं राहतं. एकदा हे पाहिलं की पुढच्या प्रत्येक वेळी हात तांब्याकडे जातो. पण मलूल पान एवढंच सांगतं की पानापर्यंत पाणी पोहोचत नाही. कुंडीत पाणी आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

भरपूर पाणी असूनही ते वर का चढत नाही? मुळं जिवंत असतात आणि त्यांना प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, तर हवेला जागाच उरत नाही. प्राणवायू हवेत जितक्या सहज पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो पाण्यातून पसरतो. मग मूळ गुदमरतं आणि पाणी आत घेणं कमी करतं. हे कुणाला ओढूनताणून काढलेलं स्पष्टीकरण वाटत असेल, तर २००३ साली ‘नेचर’मध्ये आलेला एक अभ्यास पाहावा. प्राणवायू तुटला की मुळांच्या पेशींमधली आम्लता वाढते आणि पाणी आत घेणारी सूक्ष्म दारं मिटतात, हे त्यात एका प्रायोगिक रोपावर दाखवलं होतं. म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानतं. त्यानंतर अशा दुबळ्या मुळांवर बुरशीसारखे रोगजंतू चढतात आणि मुळं कुजू लागतात. अशा झाडाला आणखी पाणी देणं म्हणजे शुद्ध छळ आहे.

तहान आणि सड यांतला फरक ओळखायला पानाकडे कमी आणि कुंडीकडे जास्त बघायचं. कुंडी उचला. कोरडी कुंडी हाताला हलकी लागते, ओली जड. बोट दोन पेरं आत खुपसा, किंवा अगरबत्तीची काडी तळापर्यंत घालून बाहेर काढा. काडी कोरडी आली तर पाणी द्या आणि संध्याकाळपर्यंत थांबा. झाड उठलं, विषय संपला. काडी ओली आली आणि तरीही झाड मलूल असेल, तर पाण्याला हात लावू नका. अपवाद एकच. भर दुपारी उन्हाच्या तिरिपेत ओल्या कुंडीतलं झाडही थोडं मलूल होतं, पण ते सावलीत आपलं आपण सावरतं.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंची पीस लिली अशीच. नर्सरीतून काळ्या पिशवीत आणलेली, लाल मातीच्या घट्ट गोळ्यासकट एका देखण्या चिनीमातीच्या कुंडीत बसवलेली. कुंडीला भोक नाही. वर कोकोपीटचा थर, तो दोन दिवसांत सुकलेला दिसतो, म्हणून रोज एक पेला पाणी. जुनी पानं पिवळी, बाकीची लोळलेली, टोकं काळपट आणि मऊ. कुंडी उचलली तर हाताला ओढ बसेल इतकी जड. झाड बाहेर काढलं तेव्हा तळाशी पाणी साचलेलं होतं आणि गटारासारखा वास आला. निरोगी मूळ पांढरट आणि कडक असतं. ही तपकिरी होती. चिमटीत धरून ओढलं की वरची साल निसटून यायची आणि आत दोऱ्यासारखी तार उरायची.

सगळी मऊ मुळं कात्रीने छाटली, लाल गोळा पाण्यात सोडवून धुतला. उरलेली मुळं मावतील एवढ्याच लहान, भोकाच्या कुंडीत कोकोपीट, जाड वाळू आणि थोडं गांडूळखत यांच्या भुसभुशीत मिश्रणात झाड लावलं. मुळं कमी झाली, म्हणून निम्मी पानंही काढली. काकूंना ते पटलं नाही. खत बंद, ऊन बंद, आणि काडी कोरडी आल्याशिवाय पाणी नाही. पुढच्या महिन्यात मधोमध नवं गुंडाळलेलं पान आलं. मुळं पूर्ण कुजलेली असती, तर यातलं काहीही उपयोगी पडलं नसतं, हेही सांगायला हवं.

इथे कुणीतरी हमखास विचारतं, ‘मग मनीप्लांट बाटलीत वर्षानुवर्षं कसा जगतो?’ कारण त्याची ती मुळं पाण्यातच फुटलेली आणि पाण्याला सरावलेली असतात, आणि बाटलीतलं पाणी आपण अधूनमधून बदलतो. मातीत वाढलेली मुळं तशी नसतात, शिवाय मातीतले सूक्ष्मजीव उरलासुरला प्राणवायूही संपवतात. मनीप्लांटची पानं आत वळली आणि माती कोरडी असेल, तर त्याला तहान लागलीय. एकामागून एक पानं पिवळी, ढिली पडत असतील आणि देठाशी काळपट डाग असतील, तर मुळं तपासा. अगदी बुडाचं एखादं जुनं पान पिवळं पडलं तर निवांत राहा, ते वयाने गेलं.

करपलेल्या टोकांची गोष्ट वेगळी. टोक फिकट तपकिरी, कुरकुरीत आणि मातीवर पांढरा थर असेल, तर संशय क्षारांवर घ्यावा. पाण्याची वाफ होऊन जाते, त्यातले क्षार पानाच्या टोकाशी साठत राहतात. खत हा उपाय समजून लोक त्यात भर घालतात! इंग्रजी व्हिडिओ पाहून फ्लोराइडला दोष देण्याचीही पद्धत पडली आहे. अमेरिकेत अनेक शहरांत ते नळाच्या पाण्यात मुद्दाम मिसळतात, आपल्या महापालिका मिसळत नाहीत. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांत ते भूजलातच असतं, तो भाग निराळा.

आपल्याकडचा खरा गुन्हेगार अनेकदा आरओचं टाकाऊ पाणी असतो. चार लिटरमधलं एक लिटर प्यायला आणि तीन लिटर बाहेर असं प्रमाण धरलं, तर जवळजवळ सगळे क्षार त्या तिनांत उतरतात. बोअरवेलचा टीडीएस ९०० असेल, तर टाकाऊ पाण्याचा १२००च्या आसपास जातो. धरणाचं पाणी येत असेल तर एवढी भीती नाही. बोअरवेलवाल्यांनी ते टाकाऊ पाणी फरशी पुसायला वापरावं. आधी साठलेले क्षार धुवायला कुंडीच्या दुप्पट साधं पाणी हळूहळू ओतून भोकातून पूर्ण वाहू द्या, किंवा जूनच्या चांगल्या पावसात कुंडी एक दिवस बाहेर ठेवा.

बाकीचे समज झटपट उरकतो. रात्रभर भरून ठेवलेल्या पाण्यातून थोडा क्लोरीन जातो, क्षार जात नाहीत. कुंडीच्या तळाशी खडे घातल्याने निचरा सुधारत नाही, पाणी फक्त खड्यांच्या वर थांबतं. फर्नवर पाणी फवारल्याने दमटपणा काही मिनिटंच वाढतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत किंवा एसीखाली कुरकुरीत झालेल्या फर्नला जागा बदलून हवी असते. बोस्टन फर्नच्या पानामागे ओळीत बसलेले तपकिरी ठिपके ही कीड नाही, बीजाणूंची ठाणी आहेत. ती खरवडू नका. हंसराज एकदा पूर्ण सुकला की ती पानं परत येत नाहीत, पण बुडापर्यंत छाटून माती ओलसर ठेवली तर खालच्या खोडातून नवे कोंब येऊ शकतात.

आणि करपलेलं टोक कुठल्याही उपायाने पुन्हा हिरवं होत नाही. ते हवं तर पानाच्या आकाराने कातरा, पण तुमचा उपाय लागू पडला की नाही, हे त्यानंतर येणाऱ्या नव्या पानावरून ठरवा.