चौकोनी फोटोचा रुंद बॅनर

लोणच्याच्या बरणीचा १०८० पिक्सेलचा चौकोनी फोटो १९२० पिक्सेल रुंद करायचा, तर दोन्ही बाजूंना ४२० पिक्सेल रिकामे राहतात. आउटपेंटिंगमध्ये एआय शेजारचे चित्र पाहून ते रंगवते. निवड करताना मूळ फोटोची थोडी कडाही घ्यावी, म्हणजे सांधा मिसळतो. बरणी मात्र निवडीबाहेरच ठेवावी. सावली कडेला कापली गेली असेल, तर तिचे टोकही निवडीत हवे. सूचनेत उजेडाची दिशा लिहावी: ‘रिकामे टेबल, डावीकडून मऊ उजेड, उजवीकडे मंदावत जाणारा’. मग कॉन्ट्रास्ट तात्पुरता खूप वाढवून पाहावे. उभी रेघ उमटली, तर उजेड तिथे तुटला आहे. नव्या भागावर हलका ग्रेडियंट देऊन तो जुळवावा.