बाराव्या महिन्याचा विकासांक काय सांगतो

वर्षाच्या बाळाची विकास चाचणी दारातून पाहणाऱ्याला निव्वळ खेळासारखी दिसते. आई बुटक्या टेबलाशी बसलेली असते, बाळ तिच्या मांडीवर. समोर बसलेली मानसतज्ज्ञ इंचभर मापाचा लाल लाकडी ठोकळा बाळापुढे ठेवते. बाळ तो उचलतं. ती दुसरा देते, तोही बाळ दुसऱ्या हातात घेतं. मग ती तिसरा ठोकळा पुढे करते आणि थांबते. दोन्ही हात भरलेले असताना बाळ काय करतं? हातातला एक टाकून तिसरा घेतं, दोन एकाच हातात कोंबायला बघतं, की तिसऱ्याकडे पाहतसुद्धा नाही? यातलं जे होईल त्याची नोंद होते.

पुढे कप येतो. मानसतज्ज्ञ ठोकळा कपात टाकून दाखवते आणि बाळाला तसं करायला देते. हे वाटतं तितकं सोपं नाही. वस्तू धरणं बाळाला पाचव्या-सहाव्या महिन्यातच जमू लागतं, पण धरलेली वस्तू हवी तिथे सोडणं यायला वर्ष उजाडतं. कप पोकळ आहे, त्यात काही राहू शकतं, समोरची बाई करते आहे ते मलाही करायचं आहे, आणि आता बोटं उघडायची, एवढं सगळं त्या एका कृतीत असतं. खेळणं फडक्याखाली झाकलं, तर फडकं ओढणारं बाळ दाखवतं की डोळ्यांआड गेलेली वस्तू त्याच्या मनात अजून आहे. मनुका पंजाने खरवडून घेतो की अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उचलतो, यावरून बोटांवरचा ताबा कळतो. घंटी दिली तर ती नुसती हलवतो की उलटी करून आतला लोळा शोधतो, हेही पाहिलं जातं.

आपल्याकडे यासाठी वापरली जाणारी एक प्रमुख चाचणी म्हणजे ‘डेव्हलपमेंटल असेसमेंट स्केल्स फॉर इंडियन इन्फंट्स’. अमेरिकेतल्या नॅन्सी बेली यांच्या चाचणीचा आधार घेऊन प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांवर काम केलं आणि इथल्या बाळांसाठीची प्रमाणं ठरवली. १९९७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. तीत जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या एकूण २३० कृती आहेत. त्यातल्या ६७ शरीराच्या हालचालींच्या, म्हणजे मान धरणं, बसणं, उभं राहणं, चालणं अशा, आणि १६३ मानसिक विकासाच्या. बाळाला जमलेल्या कृती मोजून तक्त्यावरून त्याचं ‘विकासाचं वय’ काढतात. त्याला प्रत्यक्ष वयाने भागून शंभरने गुणलं की विकासांक मिळतो. साधारणपणे ८५ आणि त्यापुढचा अंक निर्धास्त मानतात, ७१ ते ८४ सीमेवरचा, आणि ७० किंवा त्याखाली असेल तर विकासाला विलंब आहे असं लिहितात.

हाच अंक फाईलवर लाल शाईत घेऊन आई-वडील घरी येतात आणि त्या दिवसापासून घरातलं वातावरण पालटतं. म्हणून तो कसा तयार झाला हे नीट पाहायला हवं. त्यासाठी एक उदाहरण मांडते.

समजा, एक बाळ ३२ आठवड्यांनी, म्हणजे सुमारे दोन महिने आधी जन्मलं. महिनाभर पेटीत होतं, मग वजन वाढून घरी आलं. पहिल्या वाढदिवसाच्या आठवड्यात त्याची चाचणी झाली आणि मानसिक विकासाचं वय निघालं साडेसात महिने. साडेसातला बाराने भागून शंभरने गुणलं, तर विकासांक येतो ६२·५. म्हणजे विलंब. पण हे बाळ पोटात राहायचे दोन महिने बाहेर काढून आलेलं आहे. त्याच्या मेंदूचं वय गर्भधारणेपासून मोजायला हवं. म्हणून मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना ते जितकं लवकर आलं तितके दिवस वजा करतात आणि दोन वर्षांचं होईपर्यंत हेच दुरुस्त वय धरतात. या बाळाचं दुरुस्त वय दहा महिने. साडेसातला दहाने भागलं की अंक येतो ७५. बाळ तेच, त्याने त्या दिवशी केलेलं सगळं तेच, तरी एका हिशेबात ते विलंबाच्या रकान्यात बसतं आणि दुसऱ्यात सीमेवर. घाईच्या ओपीडीत ही दुरुस्ती राहून जाऊ शकते. फाईलवर ‘दुरुस्त वय’ लिहिलेलं नसेल तर आई-वडिलांनी तिथल्या तिथे विचारावं.

आता या ७५च्या आत जाऊ. या बाळाने फडक्याखालचं खेळणं लगेच शोधलं. नाव घेताच वळून पाहिलं. ‘बाबाबा, दादादा’ असा आवाजांचा खेळ चालूच होता आणि आईने तोंडावर पदर घेऊन ‘भ्या’ केल्यावर ते खदखदून हसलं. चुकलं कुठे? ठोकळा कपावर नेला, पण मूठ उघडली नाही. तिसरा ठोकळा हवा होता, हात पुढे आला नाही. मनुका चिमटीत धरता आला नाही. चुकलेल्या बहुतेक कृती हातांच्या आहेत. मानसिक चाचणीतल्या कित्येक कृती हातांनीच करून दाखवायच्या असतात, त्यामुळे हाताचे स्नायू ताठर असलेलं बाळ कळत असूनही गुण गमावतं. इथे मानसतज्ज्ञ बाळाला उभं धरून पाहते. पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात का, टाचा टेकतात का, मुठी सतत आवळलेल्या असतात का? ताठरपणा आढळला तर बाळ न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांकडे आणि फिजिओथेरपीला जातं. मुदतीआधीच्या बाळांमध्ये असा ताठरपणा कधी कधी पुढच्या काही महिन्यांत आपोआप कमी होतो, तर कधी ती सेरेब्रल पाल्सीची सुरुवात असते. पहिल्या वर्षात हे दोन्ही नेहमीच वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा तपासावं लागतं.

शेजारच्या खोलीत दुसरं बाळ आहे. पूर्ण दिवसांचं, बारा महिन्यांचं. विकासाचं वय नऊ महिने, म्हणजे विकासांक पुन्हा ७५. पण या बाळाने ठोकळे झपाट्याने कपात टाकले, मनुका चिमटीत उचलला, घंटीचा लोळा बोटाने हलवून पाहिला. मात्र पाठीमागे खुळखुळा वाजला तेव्हा ते वळलं नाही. ‘नको’ म्हटल्यावर हात थांबला नाही. सहाव्या महिन्यात करायचं तेवढे आवाजही आता करत नाही, असं आई सांगते. या बाळाला सगळ्यात आधी कानांची तपासणी हवी, तीही टाळ्या वाजवून नव्हे, तर झोपेत डोक्याला तारा लावून करतात ती ‘बेरा’ तपासणी. दोघांच्या फाईलवर ७५च लिहिलेलं आहे, पण एकाला उपचार लागेल स्नायूंचा आणि दुसऱ्याला कदाचित श्रवणयंत्राचा. अंकापेक्षा उत्तरपत्रिका मोलाची असते, ती यासाठी.

अंकात आणखीही काही मिसळलेलं असतं. १६३ मानसिक कृती तीस महिन्यांवर पसरलेल्या आहेत, म्हणजे महिन्याला सरासरी पाच ते सहा. भुकेल्या किंवा पेंगुळलेल्या बाळाने जमणाऱ्यांपैकी तीन कृती केल्या नाहीत, तर विकासाचं वय सुमारे अर्ध्या महिन्याने खाली येतं आणि दहा महिन्यांच्या बाळाचे साधारण पाच गुण जातात. त्यातून हे वय परक्या माणसाला घाबरण्याचं. आईला चिकटून रडणाऱ्या बाळाची चाचणी पुढे ढकलणं हाच योग्य निर्णय असतो. रक्तातलं लोह कमी असेल तर बाळ मंद, चिडचिडं वाटू शकतं, आणि भारतात पाच वर्षांखालच्या सुमारे दोन तृतीयांश मुलांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं आहे. त्यामुळे कमी अंकानंतर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासणं गरजेचं ठरतं.

मग या अंकावरून पुढचं भविष्य कळतं का? नॅन्सी बेली यांनीच याचं उत्तर फार पूर्वी शोधलं. १९२८ पासून बर्कलीत त्यांनी बाळांचा जन्मापासून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षातल्या गुणांचा त्याच मुलांच्या शाळकरी वयातल्या बुद्ध्यांकाशी त्यांना जवळजवळ काहीच मेळ आढळला नाही. याचं कारण समजण्यासारखं आहे. वर्षाचं बाळ हात, डोळे आणि कुतूहल दाखवतं. भाषा, तर्क आणि स्मरण यांवर उभी राहणारी बुद्धी अजून आकाराला यायची असते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमधून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मतः एक किलोपेक्षा कमी वजन असलेल्या मुलांपैकी वीस महिन्यांच्या दुरुस्त वयात ३९ टक्के मुलांचे गुण सत्तरच्या खाली होते. तीच मुलं आठ वर्षांची झाली तेव्हा सत्तरखालचा बुद्ध्यांक फक्त १६ टक्क्यांचा होता.

हे आकडे वाचून काही घरांत सुटकेचा नि:श्वास टाकला जाईल आणि फाईल कपाटात जाईल. माझी खरी काळजी तिथे आहे. ३९ वरून १६ वर येताना निम्म्याहून अधिक मुलं वर आली असली, तरी उरलेली खालीच राहिली, आणि कोणती मुलं वर येतील हे वीसाव्या महिन्यात कुणी सांगू शकत नव्हतं. अंक जितका खाली, तितकी त्याची भविष्यवाणी खरी ठरण्याची शक्यता जास्त. पन्नासच्या आतला अंक, आधी येत असलेली गोष्ट विसरणं, वर्षाच्या आतच एकाच हाताचा वापर, हाकेला ओ न देणं, यांतलं काही दिसलं तर ‘त्याचा बाबाही उशिराच बोलला’ म्हणून थांबू नये. ज्या बाळाला ऐकू येत नाही त्याच्या भाषेचे पहिले महिने वाट पाहण्यात गेले, तर ते परत मिळत नाहीत.

उलट जिथे घाबरायचं कारण नाही तिथे घाबरणंही थांबवावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात, ज्यात दिल्लीची बाळंही होती, निरोगी मुलं आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ ८·२ ते १७·६ महिने इतका लांब निघाला. सुमारे ४ टक्के बाळं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट चालली. बाराव्या महिन्यात चालत नाही एवढ्यावरून काहीही ठरत नाही. त्याला वॉकरमध्ये बसवू नये, सतरंजीवर मोकळं सोडावं.

कमी अंक घेऊन घरी आलात तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. वय दुरुस्त करून धरलं का? नेमक्या कोणत्या कृती राहिल्या? पुढची चाचणी कधी? साधारण अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात ती पुन्हा व्हायला हवी, आणि तोवर फिजिओथेरपी किंवा वाचाउपचार सुरू असावा. खासगी केंद्राचा खर्च झेपत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उघडलेली आहेत. तिथे तपासणी आणि उपचार मोफत होतात, आणि आशाताई किंवा अंगणवाडीताईंना विचारलं तर तिथे कसं जायचं हे त्या सांगतात.