आरोपाआधीची दहा मिनिटं

सत्र संपत आलं की आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये हल्ली एकच विषय असतो. अमक्याचा प्रकल्प एआयनं लिहिलेला दिसतो, तमकीचं इंग्रजी एकदम इतकं सुधारलं कसं? काही जण मजकूर तपासणी-सॉफ्टवेअरमध्ये टाकतात, पडद्यावर टक्केवारी येते आणि तिथेच निकाल लागतो. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण भरायच्या आधी शिक्षकांची बैठक असते. या वेळी तिथे या विषयावर थोडं बोलायला मला सांगितलं होतं. ज्यांची मुलं कॉलेजात आहेत त्यांनाही हे कळायला हवं, म्हणून सहकाऱ्यांसमोर जे बोलले ते इथे थोडं विस्तारानं मांडते.

सुरुवात त्या टक्केवारीपासूनच केली. वाङ्मयचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर आपण बरीच वर्षं वापरतो. ते ‘४० टक्के साम्य’ असं सांगतं, तेव्हा मूळ मजकूरही दाखवतं. हा परिच्छेद या लेखातून घेतलाय, हे दोन्ही मजकूर शेजारीशेजारी ठेवून आपल्याला स्वतः पाहता येतं. विद्यार्थ्यालाही दाखवता येतं आणि ‘सर, हे अवतरण आहे, खाली संदर्भ दिलाय’ असं त्याला म्हणता येतं. एआयच्या टक्केवारीमागे असं मूळ काहीच नसतं. यंत्रानं तो मजकूर त्याच क्षणी जुळवलेला असतो, त्यामुळे शेजारी ठेवायला दुसरा कागद नाही. ७८ टक्के हा आकडा म्हणजे एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्या सॉफ्टवेअरविषयी केलेला अंदाज. तो तपासायची सोय ना शिक्षकाला, ना विद्यार्थ्याला.

हा अंदाज कशावरून बांधतात? ढोबळमानानं सांगायचं तर पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, यावरून. भाषेचं यंत्र बहुधा सर्वांत संभवनीय शब्द निवडत जातं, म्हणून त्याचं लेखन सपाट, ओळखीचं, एका चालीचं होतं. माणूस मध्येच अनपेक्षित शब्द वापरतो, एक वाक्य लांबवतो, दुसरं तोडतो. हे गृहीत धरून सपाट मजकुराला यंत्राचा शिक्का बसतो. आता आपल्या मुलांकडे बघा. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी इंग्रजी लिहिते ते गाइडमधून पाठ झालेल्या चौकटींत. ‘इन टुडेज वर्ल्ड’नं सुरुवात, ‘प्लेज अ व्हायटल रोल’ मध्ये, ‘टु कन्क्लूड’नं शेवट. तिचे शब्द मोजके आहेत, म्हणून तिचं वाक्य अपेक्षित असतं. तिचा सगळा प्रामाणिकपणा त्या सपाट इंग्रजीत असतो आणि तपासणी-सॉफ्टवेअर नेमकं त्यालाच यंत्र समजतं.

हा माझा तर्क नाही. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी सात सॉफ्टवेअर तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी घेतले. सगळे माणसांनीच लिहिलेले. या सॉफ्टवेअरनी त्यांतले सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले. ९१ पैकी ८९ निबंधांवर सातांपैकी किमान एकानं तरी बोट ठेवलं. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र याच सॉफ्टवेअरनी जवळपास अचूक ओळखले. पुढची गंमत नाही, काळजीचीच गोष्ट आहे: त्याच टोफेल निबंधांतला शब्दसंग्रह संशोधकांनी चॅटजीपीटीकडून समृद्ध करून घेतला, तर चुकीचे शिक्के बरेच कमी झाले. म्हणजे ज्यानं यंत्र वापरलं तो सुटण्याची शक्यता जास्त आणि साधंसुधं स्वतः लिहिणारी अडकण्याची.

एका सहकाऱ्यानं विचारलं, ‘थोड्याफार चुका होणारच, पण बहुतेक वेळा बरोबर येत असेल ना?’ त्यावर मी फळ्यावर एक हिशेब मांडला. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनंच जानेवारी २०२३ मध्ये असं एक ओळखयंत्र काढलं होतं. कंपनीनं स्वतः जाहीर केलेले आकडे असे: यंत्राच्या लेखनापैकी २६ टक्के ते पकडतं आणि माणसाच्या लेखनापैकी ९ टक्के चुकून यंत्राचं ठरवतं. आता समजा आपल्याकडे २०० प्रकल्प आले आणि त्यांतले २० खरोखर यंत्राचे आहेत. त्या वीसांतले पाच पकडले जातील. उरलेल्या १८० प्रामाणिक प्रकल्पांपैकी सोळांवरही तोच शिक्का बसेल. शिक्का बसलेले एकवीस, त्यांत निर्दोष सोळा. अचूकता कमी म्हणून कंपनीनं ते त्याच वर्षी जुलैत बंद केलं. आजची सॉफ्टवेअर त्यापेक्षा सुधारलेली आहेत, पण हिशेबाची रीत तीच राहते. प्रामाणिक मुलं संख्येनं जास्त असतात, त्यामुळे चुकीचं प्रमाण लहान असलं तरी डोकी बरीच होतात. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं टर्निटिनमधली एआय ओळखायची सोय ऑगस्ट २०२३ मध्ये बंद केली, तेव्हा हाच हिशेब मांडला होता. त्यांच्याकडे वर्षाला तपासायला गेलेले लेख ७५ हजार. कंपनीच्या दाव्याप्रमाणे चूक एक टक्का धरली, तरी साडेसातशे लेखांवर खोटा आळ.

म्हणून काहीच करायचं नाही का? करायचं. आमच्याच अर्थशास्त्राच्या वर्गातलं उदाहरण मी बैठकीत दिलं. द्वितीय वर्षाच्या एका मुलीनं कांद्याच्या भावांतल्या चढउतारावर बारा पानी प्रकल्प दिला. इंग्रजी गुळगुळीत, एकही चूक नाही. वर्गात ती फारशी बोलत नाही. सॉफ्टवेअरनं ७८ टक्के दाखवले. मी आधी संदर्भयादी उघडली, कारण संशय आला तर पहिलं काम तेच असतं. यंत्र कधीकधी अस्तित्वात नसलेली पुस्तकं आणि लेख रचून देतं, आणि ते पंधरा मिनिटांत तपासता येतं. हिचे पाचही संदर्भ खरे निघाले. मग तिला आदल्या दिवशी निरोप दिला: उद्या तासानंतर प्रकल्पावर बोलू, कच्चं काही असेल तर घेऊन ये. आरोपाचा शब्द काढला नाही.

‘हे तूच लिहिलंस का?’ असं तिला विचारलं नाही. या प्रश्नाला खरं बोलणारी आणि खोटं बोलणारी दोघीही ‘हो’च म्हणतात, वर खरी असेल ती घाबरून गप्प होते. प्रकल्पाची प्रत तिच्या हातात दिली आणि विचारलं, ‘चौथ्या पानावर तू साठवणुकीतल्या घटीचा मुद्दा घेतलास. तो कुठून सुचला? मराठीतच सांग.’ पोरगी बोलायला लागली. उन्हाळ कांदा मार्च ते मे काढतात, चाळीत भरतात, पावसाळ्यात दमट हवेनं तो सडतो, कोंब फुटतात, वजन घटतं. लासलगावचा भाव वाढेल म्हणून थांबावं तर घट वाढते, लवकर विकावा तर भाव पडलेला. घरची चाळ आहे, वडलांचं दरवर्षीचं गणित तिनं ऐकलेलं होतं. लिखाणात हे सगळं एका निर्जीव वाक्यात संपलं होतं, ‘साठवणुकीतलं नुकसान लक्षणीय असतं’ अशा अर्थाच्या. तिनं वही काढली. पूर्ण प्रकल्प मराठीत, पेनानं लिहिलेला. मोबाइलवर त्याचा इंग्रजी अनुवाद करून टायपिंग सेंटरमध्ये दिला होता.

इथे एक गोष्ट सहकाऱ्यांच्या लक्षात आणून दिली. गूगल डॉक्सचा ‘व्हर्जन हिस्टरी’ बघा, मजकूर हळूहळू टाइप झाला की एकदम चिकटवला ते कळतं, असा सल्ला सगळीकडे मिळतो. घरी लॅपटॉप असलेल्या मुलासाठी तो ठीक आहे. आपल्याकडे निम्मा वर्ग मोबाइलवर नाहीतर वहीत लिहितो आणि टायपिंग सेंटरचा ऑपरेटर एका बैठकीत सगळं उतरवतो. तिथे एकदम आलेला मजकूर काहीच सिद्ध करत नाही. वही, मोबाइलमधल्या नोंदी, छापील कच्ची प्रत, जे असेल ते मागायचं. काहीच ठेवलं नसेल, तर तोही गुन्हा नव्हे.

तिनं अनुवादाचं साधन वापरलं हे खरं. पण आम्ही दिलेल्या सूचनापत्रात त्याबद्दल एक ओळही नव्हती. नियम सांगितला नाही, तर तो मोडल्याची शिक्षा कशी देणार? अनुवाद कसा केला हे एका ओळीत लिहायला सांगितलं, चाळीचा हिशेब परिशिष्टात जोडायला सांगितला आणि आशयावर गुण दिले.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मुलाशीही असंच बोलले. त्याच्या यादीतले दोन लेख कुठेच सापडत नव्हते. मागणीच्या लवचीकतेवर त्यानं तीन पानं लिहिली होती, पण भाव दुप्पट झाल्यावर लोक कांदा घेणं किती कमी करतात हे त्याला साध्या शब्दांत सांगता येईना. शांतपणे, दोनदा वेगळ्या तऱ्हेनं विचारलं, तरीही नाही. इथे ‘एआय वापरलास’ हे सिद्ध करत बसायची गरज पडली नाही. खोटे संदर्भ ही स्वतंत्र चूक आहे, ती कोणीही केलेली असो, आणि ती दाखवता येते. विषय समजलेला नाही हेही समोर होतं. संदर्भांचे गुण शून्य, प्रकल्प पुन्हा लिहून द्यायचा, एवढं ठरलं आणि त्याला ते कारणासकट लेखी दिलं.

या बोलण्यालाही मर्यादा आहेत. बुजरं मूल शिक्षकासमोर गोठतं, दोन महिन्यांपूर्वी लिहिलेलं विसरलेलं असतं. एखादा हुशार पोरगा यंत्रानं लिहिलेलं नीट वाचून येतो आणि सगळी उत्तरं देतो. पहिल्याला दुसरी संधी द्यायची. दुसरा सुटेल, पण निदान तो विषय शिकून आलेला असतो, आणि त्याला पकडण्यासाठी वहीवाल्या मुलीला आरोपी करायची माझी तयारी नाही.

प्रकरण गंभीर असेल, पदव्युत्तर प्रबंधाचं वगैरे, तर एकट्या शिक्षकानं निकाल द्यायचाच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्याविषयीचे नियम आहेत. ते एआय येण्याआधीचे, पण रीत घालून देतात: विभागाची समिती, तिच्यात विभागाबाहेरचा एक ज्येष्ठ अध्यापक आणि निर्णयात नैसर्गिक न्यायाचं तत्त्व. संशय घेणारा आणि निकाल देणारा वेगवेगळा, आरोप लेखी, उत्तराला वेळ.

‘साठ मुलांशी दहा-दहा मिनिटं बोलायला वेळ कुठून आणायचा?’ हा शेवटचा प्रश्न रास्त होता. साठांशी बोलायचं नसतंच. संदर्भ तपासल्यावर खरे प्रश्न चार-पाच लेखनांबद्दलच उरतात. पुढच्या सत्रापासून सूचनापत्रात तीन ओळी घालायचं बैठकीत ठरलं: अनुवाद आणि व्याकरणदुरुस्तीचं साधन चालेल, पण कोणतं वापरलं ते लिहा, मजकूर यंत्राकडून लिहून घेऊ नका, कच्ची वही निकाल लागेपर्यंत जपून ठेवा. पत्रक मराठी आणि इंग्रजी दोन्हींत निघेल.