सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि सकाळी लावलेला कुकर

डिसेंबरच्या आरंभी पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जूनअखेरीस हीच वेळ सव्वासातच्या आसपास जाते. पती-पत्नी दोघेही नोकरी करीत असतील आणि सव्वापाचला घरी पोहोचत असतील, तर उन्हाळ्यात स्वयंपाकाला निवांत वेळ मिळतो. हिवाळ्यात मात्र हातपाय धुऊन पानावर बसण्यापुरताच अवधी उरतो. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या घरात संध्याकाळचे जेवण सकाळीच सिद्ध करून ठेवावे लागते ते याच कारणाने. विद्युत मल्टीकुकर येथे खरोखर कामास येतो, पण त्याची कोणती सोय वापरावी आणि कोणती टाळावी हे आधी ठरवले पाहिजे.

पहिला मोह होतो तो ‘डिले स्टार्ट’चा. सकाळी डाळ-तांदूळ पाण्यात घालून निघावे आणि यंत्राने चार वाजता आपोआप शिजवावे, ही कल्पना आकर्षक खरी. परंतु आपल्या हवेत आठ तास पाण्यात राहिलेली डाळ आंबू लागते. झाकण काढताच आंबूस वास येतो, पाण्यावर फेस दिसतो. म्हणून पदार्थ सकाळीच पूर्ण शिजवावा आणि ‘कीप वॉर्म’वर ठेवावा. हा उष्णतेचा टप्पा साठ अंशांच्या वर राहिला पाहिजे, कारण त्याखाली जंतू वाढू लागतात. एखाद्या रविवारी भांड्यात नुसते पाणी तापवून नऊ तासांनी तापमापकाने पाहिले, की आपल्या यंत्राचा भरवसा कळतो. काही यंत्रे दहा तासांनी आपोआप बंद होतात, हेही पुस्तिकेत पाहून घ्यावे.

दीर्घकाळ उष्ण राहणे सर्वच पदार्थांना मानवत नाही. भात तळाशी कोरडा पडतो, भाज्यांचा लगदा होतो. अख्खी कडधान्ये मात्र नऊ तासांत अधिकच मुरतात, म्हणून आठवड्याचा कणा त्यांचाच असावा. सोमवारी अख्खे मूग, मंगळवारी दुधी घालून तुरीची आमटी, बुधवारी चवळी, गुरुवारी मटकी, शुक्रवारी हरभरा, आणि शनिवारी सुटी असेल तर घरी येण्याची घाई नसल्याने ताजी मुगाची खिचडी. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असेल, तर दुधी गाळून नुसती आमटी करावी. बाकी क्रम बदलावा लागत नाही. पोळ्या किंवा भाकऱ्या सकाळीच करून फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. कडधान्यासोबत कच्चे दही-ताक द्विदल म्हणून वाढले जात नाही, त्यामुळे आंबटपणाची सोय आमसुलाने किंवा लिंबाने करावी.

शुक्रवारचा हरभरा उदाहरणादाखल पाहू. रात्री भिजत घालणे टाळणाऱ्या घरांसाठी तो अधिक सोयीचा, कारण न भिजवताही तो दाबाखाली शिजतो. वेळ तेवढा जास्त लागतो. विद्युत कुकरचा दाब गॅसवरील कुकरपेक्षा बहुधा कमी असतो, हेही त्याचे एक कारण. पावणेसातला भांड्यात दोन चमचे तेल, जिरे, हिंग, हळद, धनेपूड आणि सुंठ परतावी. ओल्या आल्याची जागा सुंठ घेते. मसाला तळाशी चिकटला तर यंत्र ‘बर्न’ दाखवून थांबते, म्हणून अर्धी वाटी पाणी घालून लाकडी चमच्याने तळ नीट खरवडावा. मग धुतलेला एक वाटी हरभरा, साडेतीन वाट्या गाळलेले पाणी व मीठ घालून पन्नास मिनिटे दाब द्यावा. टोमॅटो वा आमसूल आता घालू नये. आंबटपणामुळे साल मऊ होत नाही. दाब चढण्यास आणि वाफ आपोआप उतरण्यास लागणारा वेळ धरूनही सव्वाआठपर्यंत काम होते. झाकण उघडून एक दाणा बोटांनी चिरडून पाहावा. मध्ये खडा लागला तर दहा मिनिटे पुन्हा दाब द्यावा. मऊ असेल तर आमसूल घालून झाकण लावावे आणि कीप वॉर्मवर ठेवून निघावे. संध्याकाळी फोडणीचा वास मंदावलेला असतो, त्यामुळे एक चमचा तुपात जिऱ्याची फोडणी ताजी घालावी. पाच मिनिटांत पाने वाढता येतात.

हरभऱ्याऐवजी राजमा करायचा असेल तर ‘स्लो कुक’वर कधीही करू नये. त्यातील विषारी घटक मंद आचेवर नष्ट होत नाही. त्यास खळखळून उकळी किंवा दाबच लागतो.

वीज गेली, तर यंत्र परत आपोआप सुरू होईलच असे नाही. घरी आल्यावर पडदा कोरा वा लुकलुकताना दिसला आणि अन्न कोमट लागले, तर किती वेळ ते थंड होत होते हे कळण्याचा मार्ग नसतो. पुन्हा उकळूनही काही जंतूंची विषे टिकून राहतात. अशा दिवशी ते अन्न टाकून द्यावे आणि सकाळच्या पोळ्यांसोबत गूळ-तूप वाढावे. डब्यात चिवडा-लाह्याही असाव्यात.