‘मायसेल्फ’च्या आधी ‘आय’ हवा

मुलाखतीला बसलेला उमेदवार उभा राहतो आणि म्हणतो, ‘मायसेल्फ संदीप, फ्रॉम सांगली.’ समोरच्यांना अर्थ कळतो, पण हे इंग्रजी वाक्य झालेले नसते. ‘मी संदीप, सांगलीचा’ हे मराठीत क्रियापदाशिवाय चालते. इंग्रजीत मात्र ‘ॲम’ लागतेच, आणि त्याच्या आधी ‘आय’ लागतो. नुसते ‘आय संदीप’ अर्धवट वाटते, म्हणून तिथे भारदस्त ‘मायसेल्फ’ येऊन बसत असावा. शाळेत ‘मायसेल्फ’ या मथळ्याखाली लिहिलेला दहा ओळींचा निबंधही याला हातभार लावत असेल. मथळा म्हणून तो शब्द ठीक आहे, वाक्याचा कर्ता म्हणून नाही.

‘मायसेल्फ’ची कामे दोनच. क्रिया करणाऱ्यावरच ती उलटली की तो येतो: ‘आय कट मायसेल्फ’, म्हणजे मी स्वतःला कापून घेतले. किंवा जोर द्यायला येतो: ‘आय मायसेल्फ सॉ इट’, मी स्वतः पाहिले. दोन्हीकडे ‘आय’ आधीच हजर आहे. मराठीत ‘स्वतः जाऊन आलो’ म्हणताना ‘मी’ गाळता येतो, कारण ‘आलो’ हे रूपच बोलणारा कोण ते सांगते. इंग्रजीतल्या ‘वेंट’ला ते सांगता येत नाही, म्हणून तिथे ‘आय’ गाळता येत नाही.

कचेरीतल्या ईमेलमध्ये ही चूक वेगळ्या वाटेने येते: ‘मायसेल्फ अँड माय कलीग विल अटेंड द मीटिंग.’ इथे ‘आय’ म्हणावे की ‘मी’ (म्हणजे मला) याची खात्री नसते, म्हणून लिहिणारा दोन्ही टाळून तिसरा शब्द घेतो. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे तेही असे लिहितात. ताडून पाहायचे तर सहकाऱ्याला क्षणभर वाक्यातून बाहेर काढा. ‘मायसेल्फ विल अटेंड’ कानाला खटकते, ‘आय विल अटेंड’ खटकत नाही. तेव्हा ‘माय कलीग अँड आय विल अटेंड’ हे बरोबर. ‘प्लीज कॉन्टॅक्ट माय कलीग ऑर मायसेल्फ’ यालाही हीच कसोटी लावली की उरते ‘कॉन्टॅक्ट मी’. म्हणून ‘माय कलीग ऑर मी’ लिहावे.

हा नियम सदासर्वकाळ इतका कडक नव्हता. एडवर्ड फिट्झजेराल्डच्या उमर खय्यामच्या रुबायांच्या १८५९च्या इंग्रजी अवतारात एका रुबाईची सुरुवातच कर्ता असलेल्या ‘मायसेल्फ’ने होते. ‘पीपल लाइक मायसेल्फ’सारखी रचना तर आजही बरेच जाणकार खपवून घेतात. पण कवितेतली ती सवलत अर्जाला किंवा मुलाखतीला मिळत नाही. तिथे ‘आय ॲम संदीप’ म्हणावे, आणि फोनवर असाल तर ‘धिस इज संदीप’.