हजार कोटींचे किती होतात?

एप्रिल २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सरकारी कर्जरोखे खरेदीचा जी-सॅप हा कार्यक्रम जाहीर केला आणि पहिल्या तिमाहीसाठी एक लाख कोटींची रक्कम आधीच सांगून टाकली. या खरेदीसाठी ती कोणाकडून उसने घेत नाही. रोखे विकणाऱ्या बँकेच्या, आपल्याकडच्याच खात्यात ती रक्कम जमा करते, आणि त्या नोंदीने नवा पैसा जन्माला येतो.

त्यातले हजार कोटी घेऊ. लोक दर १०० रुपये ठेवीमागे १६ रुपये रोख जवळ बाळगतात आणि बँकांना ठेवींच्या ४ टक्के रक्कम रिझर्व्ह बँकेत ठेवावी लागते, असे धरू. बँक हे हजार कोटी कर्जाऊ देते. कर्जदार ते खर्च करतो आणि ज्यांना ते मिळतात त्यांच्याकडे सुमारे १३८ कोटी रोख राहतात. उरलेले ८६२ कोटी कुठल्या ना कुठल्या बँकेत परततात. तिथे ३४ कोटी राखीव जातात आणि ८२८ कोटींचे पुन्हा कर्ज होते. अशा फेऱ्या आटत जातात. अखेरीस ठेवी ५,००० कोटी आणि लोकांकडची रोकड ८०० कोटी होते. पैशाचा पुरवठा ५,८०० कोटींनी वाढला, म्हणजे गुणक ५.८. ताळाही जुळतो: ८०० कोटी रोकड आणि ५,००० कोटींवरचे २०० कोटी राखीव मिळून मूळचे हजार.

लोकांनी रोकड अजिबात बाळगली नसती, तर हाच गुणक २५ झाला असता! राखीव प्रमाण ४ वरून ३ टक्के केले तर तो जेमतेम ६.१ पर्यंत जातो, पण लोकांची रोकड १६ वरून १२ वर आली तर थेट ७ होतो. बातम्यांत गाजतो सीआरआर, पण खरी गळती खिशातल्या नोटांची असते. नोट खिशात गेली की तिच्या आधारे पुढचे कर्ज देता येत नाही.

हे गणित मात्र बँका सगळा पैसा कर्जाऊ देतात असे गृहीत धरते. २०२१ मध्ये तसे झाले नाही. कर्जाला मागणी कमी होती आणि बँका जादा पैसा ३.३५ टक्के रिव्हर्स रेपो दराने रिझर्व्ह बँकेकडेच ठेवत होत्या. आपल्या उदाहरणात बँकांनी सक्तीच्या ४ टक्क्यांवर स्वखुशीने आणखी ४ टक्के अडकवून ठेवले, तर गुणक ४.८ वर उतरतो आणि पुरवठ्यातली वाढ सुमारे ४,८३० कोटींवर थांबते. शिवाय प्रत्यक्षात बँक चांगला कर्जदार दिसला की आधी कर्ज देते आणि राखीव रक्कम मागाहून जमवते. त्यामुळे कर्जरोखे खरेदीचा परिणाम मोजताना नुसती खरेदीची रक्कम पाहून भागत नाही. बँकांचा जादा पैसा आणि कर्जवाटपाची वाढ शेजारी ठेवून पाहावी लागते.