देवीपुढचा फुलोरा

नवरात्रात घटावर टांगलेला फुलोरा हा नैवेद्यही असतो आणि आरासही. कोल्हापूरकडे त्यात कडाकण्यांचा मान मोठा. विदर्भ-मराठवाड्यात महालक्ष्म्यांपुढेही फुलोरा बांधतात. करंज्या, पापड्या आणि देवीच्या साजाचे वेणी, फणी, आरसा असे प्रकार घरोघरच्या रीतीने त्यात येतात.

टांगायचा पदार्थ नेहमीच्या फराळासारखा खुसखुशीत करून चालत नाही, कारण दोऱ्याच्या ओढीने तो भुगा होऊन खाली येतो. दोन वाट्या कणकेला अर्धी वाटी बारीक रवा घ्यावा आणि कडकडीत तेलाचं मोहन दोनच चमचे घालावं. अर्धी वाटी गूळ साधारण तेवढ्याच कोमट पाण्यात विरघळवून, गार झाल्यावर त्यात पीठ घट्ट भिजवावं. गोडासाठी गूळ वाढवण्याचा मोह आवरावा. जास्त गुळाची कडाकणी कढईत आतून शिजण्याआधीच काळपट होते, आणि पुढे हवेतला ओलावा ओढून दोऱ्यावर लिबलिबीत पडते.

भोकाचा निर्णय तळण्याआधी घ्यायचा. तळलेल्या कडाकणीला सुई लावली की ती तडकते. लाटल्यावर काठापासून बोटभर आत काडेपेटीच्या काडीपेक्षा जरा मोठं भोक पाडावं, कारण तेलात ते आक्रसतं. बाकी अंगावर टोचे मारावेत, म्हणजे ती पुरीसारखी फुगणार नाही. वेणीसाठी पिठाच्या तीन वळ्या गुंफून टोकं पाण्याचं बोट लावून दाबावीत. ती जाड असल्याने आच मंदच हवी. बाहेरून लाल आणि आतून कच्ची राहिलेली वेणी दुसऱ्या दिवशी मऊ पडते. मोडून पाहिल्यावर टक् असा आवाज आला तर ती झाली.

सगळं पूर्ण गार झाल्यावरच दोरा ओवावा. सारणाच्या जड करंज्या काठीच्या टोकांकडे, जिथे आधार आहे तिथे बांधाव्यात आणि हलक्या पापड्या मधे. घटाची माती रोज ओली होते, तिचा दमटपणा वर चढतो, म्हणून फुलोरा घटापासून हातभर तरी उंच असावा. अखंड दिव्याच्या थेट वर मात्र काहीच नको. काजळी धरते आणि दोराही जळू शकतो.

खाली परातीत लाडवांची रास लावायची असेल तर मधे एक आणि भोवती सहा लाडू मांडावेत, त्यावर तीन आणि शेंड्याला एक. सारख्या मापाचे अकरा लाडू असे कशाच्याही आधाराशिवाय उभे राहतात. तळाचे सात वळून काही तास झालेले, कडक असावेत. ताजे तळाशी घातले की रास बसते. मुंग्यांसाठी परात पाणी घातलेल्या मोठ्या थाळीत ठेवावी. चिवडा मात्र आराशीत उघडा मांडू नये, तासाभरात त्याचा कुरकुरीतपणा जातो.

फुलोरा उतरवला की तो प्रसाद म्हणून वाटायचा आहे. म्हणून रंगवलेला दोरा वापरू नका, पांढरा सुतीच घ्या.